समितीचा अहवाल आणि विधेयक: बातमीदारासाठी टिपण काढताना कलम कुठलं, चर्चा कुठली?

प्रश्न: मी एका संशोधन संस्थेत नवीन आहे. संसदीय समित्यांचे अहवाल आणि विधेयकं वाचून बातमीदारांसाठी दोन पानी टिपण काढणं हे माझं काम. परवा एका बातमीदाराने टिपण परत पाठवलं. म्हणाला, "यातलं विधेयकात काय आहे आणि नुसती चर्चा काय आहे तेच कळत नाही." मी सगळं प्रामाणिकपणे पहिल्या पानापासून वाचून लिहिलं होतं. चुकतंय कुठे?

उत्तर:

"पहिल्या पानापासून" इथेच चुकतंय. अहवालाची पहिली चाळीस-पन्नास पानं म्हणजे विषयाचा इतिहास, आधीचे प्रयत्न, परदेशातली स्थिती, कोणकोण साक्षीला आलं आणि काय बोललं. ती वाचायला सोपी असतात, त्यामुळे टिपणात तीच भरतात. बदल काय झाला ते मागे असतं, रूक्ष भाषेत. तोपर्यंत आपण दमलेलो असतो आणि दोन पानंही संपलेली असतात.

नुसत्या सूचना देण्यापेक्षा एक प्रकरण घेऊन बोलू. नव्या माणसाला शिकवताना मी नेहमी सरोगसी विधेयक घेतो. त्यात दोन वेगळ्या समित्या आहेत, तीन मसुदे आहेत, आणि गल्लत होण्याच्या बहुतेक जागा एकाच ठिकाणी सापडतात.

आधी हातातला कागद नेमका कुठला आहे ते ठरवा. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये सरोगसी (नियमन) विधेयक लोकसभेत आलं आणि आरोग्य खात्याशी संलग्न स्थायी समितीकडे गेलं. त्या समितीचा १०२वा अहवाल ऑगस्ट २०१७मध्ये आला. डिसेंबर २०१८मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं, पण पुढे लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बाद झालं. मग २०१९चं नवं विधेयक आलं. ५ ऑगस्ट २०१९ला ते लोकसभेत मंजूर झालं. राज्यसभेने मात्र नोव्हेंबरमध्ये ते चिकित्सा समितीकडे पाठवलं (हिंदीत आणि काही मराठी वृत्तपत्रांत तिलाच प्रवर समिती म्हणतात). भूपेंद्र यादव अध्यक्ष असलेल्या त्या समितीचा अहवाल ५ फेब्रुवारी २०२०ला आला. म्हणजे "संसदीय समितीचा सरोगसीवरचा अहवाल" असं म्हणून कुणी पीडीएफ पाठवली तर ती या दोनांपैकी कुठलीही असू शकते. आणि दोन्हींचं म्हणणं एक नाही.

एक नाही म्हणजे किती, तर स्थायी समितीने २०१७मध्ये सांगितलं होतं की निव्वळ परोपकारी सरोगसीचा आग्रह सोडा आणि पोटात मूल वाढवून देणाऱ्या बाईला मोबदला मिळू द्या. सरकारने ते मानलं नाही. २०१९च्या विधेयकात परोपकारी सरोगसीच राहिली, चिकित्सा समितीनेही ती चौकट मोडली नाही आणि शेवटी कायद्यातही तीच आली. २०२०मध्ये टिपण काढताना जुना अहवाल हाती लागला असता तर "समितीची मोबदल्याला मान्यता" हे वाक्य छापून गेलं असतं. वाक्य खरं, पण समिती वेगळी आणि विधेयकही वेगळं. म्हणून माझ्या टिपणाची पहिली ओळ कायम ठरलेली असते: विधेयकाचं नाव व वर्ष, समिती कुठली, अहवालाची तारीख, आणि विधेयक सध्या कुठल्या टप्प्यावर आहे. ती ओळ कंटाळवाणी दिसते. बातमीदार ती छापतही नाही. पण त्याच्या बातमीतलं क्रियापद त्या ओळीवरून ठरतं.

कारण दोन्ही समित्यांचं वजन वेगळं. स्थायी समिती मत देते, विधेयकाचा मजकूर आहे तसाच राहतो. सरकारला पटलं तर ते स्वतः दुरुस्त्या मांडतं, नाहीतर अहवाल ग्रंथालयात जातो. चिकित्सा समिती मात्र विधेयकाच्या मजकुरालाच हात घालते. तिच्या अहवालाला "समितीने सुधारल्याप्रमाणे विधेयक" जोडलेलं असतं आणि पुढे सभागृह विचाराला घेतं ते साधारणपणे तेच रूप. तरीही तो कायदा नव्हे. फेब्रुवारी २०२०मध्ये "सरोगेट माता निकटची नातेवाईक असण्याची अट रद्द" असं लिहिणं चूकच होतं, कारण काहीच रद्द झालेलं नव्हतं. "अट काढण्याची शिफारस, सुधारित मसुद्यात बदल" इतकंच खरं होतं. राज्यसभेने ते विधेयक मंजूर केलं ८ डिसेंबर २०२१ला. लोकसभेने आधी मंजूर केलेल्या मजकुरात बदल झाल्यामुळे ते परत लोकसभेकडे गेलं आणि १७ डिसेंबरला तिथे संमती मिळाली. शिफारस आणि कायदा यांच्यामध्ये जवळजवळ दोन वर्षं गेली.

आता वाचायचा क्रम. मी अहवाल मागून उघडतो. आधी ते जोडलेलं सुधारित विधेयक. त्यात समितीने घातलेले शब्द अधोरेखित असतात किंवा बाजूला रेघ असते, आणि काढलेल्या शब्दांच्या जागी फुल्या असतात. फुल्या पाहिल्या की नवशिके पुढे जातात, कारण तिथे वाचायला काहीच नसतं. पण बातमी बहुधा फुल्यांतच असते. तिथे काय होतं ते समजायला मूळ विधेयक शेजारी उघडं ठेवावं लागतं. मी कागदावर तीन रकाने आखतो: आधीचा मजकूर, नवा मजकूर, खंड व पान. (विधेयकात असतो तो खंड, कायदा झाला की त्याचं कलम होतं. मसुद्याच्या टप्प्यावर "कलम" लिहिल्याने आभाळ कोसळत नाही, पण वाचणाऱ्याला कायदा झाल्याचा भास होतो.) हे रकाने भरल्यावर मग समितीची खंडवार चर्चा वाचायची, मग सदस्यांची भिन्नमतं जोडलेली असतील तर ती, आणि पार्श्वभूमीचं प्रकरण सगळ्यात शेवटी. स्थायी समितीच्या अहवालात असं सुधारित विधेयक नसतं. तिथे शिफारशी ठळक टाइपात छापलेल्या असतात, त्यांच्यापासून सुरुवात करायची.

आपल्या प्रकरणात रकाने कसे भरतात ते पाहा.

२०१९च्या विधेयकात वंध्यत्वाची व्याख्या होती: पाच वर्षं प्रयत्न करूनही गर्भधारणा न होणं, किंवा तसं होऊ न देणारं सिद्ध वैद्यकीय कारण. समितीने ही व्याख्याच काढली. इथे फुल्या. आता "पाच वर्षांची अट शिथिल" असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. पण व्याख्या काढली की ती जिथे जिथे वापरली होती तिथे काय आलं, हे पाहावंच लागतं. पूर्वी जोडप्याला जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून वंध्यत्व सिद्ध झाल्याचं प्रमाणपत्र लागणार होतं. त्याजागी, सरोगसी आवश्यक ठरवणारं वैद्यकीय कारण असल्याचं प्रमाणपत्र आलं. म्हणजे दार उघडलं, पण दारावरचा वैद्यकीय मंडळाचा माणूस तिथेच आहे. ज्या बाईला गर्भाशयच नाही तिला पाच वर्षं थांबायला लावण्यात अर्थ नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. तो पार्श्वभूमीत जातो, एका वाक्यात.

दुसरी ओळ निकटच्या नातेवाइकाची. मूळ विधेयकात सरोगेट माता ही जोडप्याची निकटची नातेवाईक असली पाहिजे असं होतं, आणि निकटची म्हणजे कोण ते विधेयकात सांगितलेलंच नव्हतं. समितीने त्याजागी "इच्छुक स्त्री" घातलं. हा मोठा बदल होता आणि मथळे त्याचेच झाले. पण चांगल्या टिपणात त्याच्या लगेच खाली, काय बदललं नाही ते असतं. वय २५ ते ३५, स्वतःचं मूल असणं, आयुष्यात एकदाच सरोगेट होता येणं, वैद्यकीय व मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, स्वतःचं बीज न देणं. या अटी तशाच होत्या. त्या न लिहिल्यामुळे "आता कोणतीही स्त्री सरोगेट" असा अर्थ निघाला तर दोष बातमीदाराचा नाही, टिपण काढणाऱ्याचा.

तिसरी ओळ विम्याची: १६ महिन्यांऐवजी ३६ महिने. आकडा सुटसुटीत असल्यामुळे यात कुणी चुकत नाही. चौथी विधवा व घटस्फोटित भारतीय स्त्रियांची. मूळ विधेयकात फक्त विवाहित जोडपी होती. समितीने ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला जागा दिली. इथे "एकल महिलांना सरोगसीची मुभा" असं लिहिलं की झालीच चूक. अविवाहित स्त्री त्यात नाही, आणि कायदा झाल्यावरही नाही. मराठीत "एकल" म्हटलं की सगळ्या आल्या. त्यामुळे व्याख्येतले शब्द जसेच्या तसे घ्या, गोड पर्याय शोधू नका.

काही शिफारशी या रकान्यांत कुठेच बसत नाहीत. याच समितीने असंही म्हटलं की सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचं विधेयक सरोगसीच्या विधेयकाआधी आणावं. ही सरकारला केलेली सूचना होती. विधेयकातला एकही शब्द तिने बदलत नाही. ती महत्त्वाची होती, आणि पुढे दोन्ही विधेयकं डिसेंबर २०२१मध्ये पाठोपाठ आलीही. पण टिपणात तिची जागा "सरकारला सूचना" अशा वेगळ्या मथळ्याखाली. तरतुदींत मिसळली की बातमीदार खंड क्रमांक विचारतो आणि आपण पानं उलटत बसतो.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे येतो: वाक्य कोणाचं आहे ते ओळखणं. अहवालात चार जण बोलत असतात. विधेयक, समिती, मंत्रालय आणि साक्षीदार. "समितीला सांगण्यात आलं", "समितीपुढे असं मत आलं" ही वाक्यं दिसायला समितीची, पण ती बाहेरच्यांची असतात. "समितीने नोंद घेतली" म्हणजे ऐकलं, इतकंच. "समितीला असं वाटतं" हे मत. "म्हणून समिती शिफारस करते" इथे समिती खरी बोलली. टिपण काढताना मी प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलीने वि, स, मं, सा यांपैकी एक अक्षर लिहितो. पोरकट वाटेल, पण एकदा मी हे न करता एका खासगी रुग्णालयाच्या प्रतिनिधीची मागणी समितीचा निष्कर्ष म्हणून लिहिली होती. इंग्रजी मजकुरात तो सलग दोन पानांचा परिच्छेद होता, कोण बोलतंय ते फक्त पहिल्या ओळीत होतं, आणि मी मधल्या पानापासून उचललं होतं. दुसऱ्या दिवशी बातमी आली, आणि तिसऱ्या दिवशी खुलासा. तेव्हापासून अक्षर लिहिल्याशिवाय मी पुढचं पान उलटत नाही.

मराठीत हा धोका आणखी वाढतो. इंग्रजी वाक्यातलं "सांगण्यात आलं" संक्षेप करताना गळतं आणि उरतं नुसतं विधान. "ग्रामीण स्त्रियांचं शोषण होतं" हे कोण म्हणतंय? विधेयकाच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात भारत परदेशी जोडप्यांसाठी सरोगसीचं केंद्र बनल्याचं आणि सरोगेट मातांच्या शोषणाच्या घटनांचं म्हटलं आहे. विधी आयोगाच्या २२८व्या अहवालाने व्यापारी सरोगसीवर बंदी सुचवल्याचाही उल्लेख आहे. हे निवेदन विधेयकाला जोडलेलं असतं, त्यामुळे नवा माणूस ते तरतूद समजतो. ते सरकारचं कारण आहे. न्यायालयात त्याचा आधार घेतला जातो, पण त्याखाली कुणावर खटला भरता येत नाही. मी चाचणी अशी लावतो: हे वाक्य मोडलं तर कुणाला शिक्षा होईल का, कुणाचा अर्ज फेटाळला जाईल का, कुठल्या अधिकाऱ्याला काही करावं लागेल का? तिन्हींचं उत्तर नाही आलं, तर ते पार्श्वभूमीत टाकायचं. व्याख्या या चाचणीत थेट बसत नाहीत, पण त्या तरतुदीच धरायच्या, कारण बाकी सगळं त्यांच्यावर उभं असतं. परोपकारी सरोगसीच्या व्याख्येत वैद्यकीय खर्च आणि विमा होता. समितीने त्यात "विहित केलेला इतर खर्च" घातला. तीन-चार शब्दच वाढले, पण बाईच्या हातात काय पडणार हा प्रश्न बराचसा तिथेच आहे.

शिक्षेच्या खंडात एक शब्द जपा: "पर्यंत". व्यापारी सरोगसीसाठी दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाखांपर्यंत दंड. "पर्यंत" गाळला की कमाल शिक्षा ठरलेली शिक्षा होऊन बसते. परंतुकांचंही तसंच. मूळ वाक्य सगळ्यांना लागू वाटतं आणि खालच्या "परंतु" ने सुरू होणाऱ्या ओळीत कुणाला तरी वेगळं काढलेलं असतं. भारतीय वंशाच्या जोडप्याला राष्ट्रीय मंडळाचं शिफारसपत्र लागतं, ही बाब कायद्यात अशाच एका परंतुकात आहे. परदेशातल्या मराठी वाचकाला त्या संपूर्ण कायद्यातली तीच एक ओळ हवी असते.

हे सगळं झालं की टिपण कसं दिसावं? २०२०चा हाच अहवाल असता तर माझा वरचा भाग साधारण असा झाला असता:

"सरोगसी (नियमन) विधेयक, २०१९. राज्यसभेच्या चिकित्सा समितीचा अहवाल, ५ फेब्रुवारी २०२०. लोकसभेत मंजूर, राज्यसभेत प्रलंबित. समितीच्या सुधारित मसुद्यानुसार: (एक) सरोगेट माता निकटची नातेवाईक असण्याची अट काढली, इच्छुक स्त्री चालेल. वय २५ ते ३५, स्वतःचं मूल, आयुष्यात एकदाच या अटी कायम. (दोन) वंध्यत्वाची पाच वर्षांची व्याख्या वगळली, सरोगसी आवश्यक ठरवणारं वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल. (तीन) ३५ ते ४५ वयाच्या विधवा व घटस्फोटित भारतीय स्त्रिया पात्र, अविवाहित नाहीत. (चार) विमा १६ ऐवजी ३६ महिने. न बदललेलं: व्यापारी सरोगसीवर बंदी. मसुद्याबाहेरची सूचना: सहाय्यक प्रजननाचं विधेयक आधी आणावं."

प्रत्येक मुद्द्यापुढे खंड आणि पान. त्याखाली रेघ मारून "पार्श्वभूमी" या मथळ्याने एक परिच्छेद, फार तर शंभर-सव्वाशे शब्द: २०१६चं विधेयक बाद झालं, २०१७च्या स्थायी समितीने मोबदल्याची शिफारस केली होती आणि ती स्वीकारली गेली नाही, विधी आयोगाचा उल्लेख. त्यातल्या प्रत्येक वाक्याला कर्ता हवा. ज्याला कर्ता सापडत नाही ते वाक्य काढून टाका. पार्श्वभूमी गाळू मात्र नका. मोबदल्याचा वाद ठाऊक नसेल तर "न बदललेलं" या ओळीतलं वजनच बातमीदाराला कळणार नाही. आणि कलमं आणि चर्चा एकाच परिच्छेदात "तसंच" लावून कधीही जोडू नका. तुमचं परत आलेलं टिपण मी पाहिलेलं नाही, पण त्यात "तसंच" किती वेळा आहे ते मोजून पाहा.

शेवटी "विहित केल्याप्रमाणे" हे शब्द दिसतील तिथे टिपणात खूण करा, कारण तिथे विधेयक गप्प आहे आणि पुढे नियम बोलणार आहेत. या कायद्यात नेमकं तेच झालं. कायदा २५ जानेवारी २०२२पासून लागू झाला. मार्च २०२३मध्ये नियमांखालच्या एका नमुन्यात, नमुना २ मध्ये, बदल करून दात्याचं बीज वापरायला बंदी घातली गेली, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये जोडप्यातल्या एकाला वैद्यकीय अडचण असल्यास ते पुन्हा चालेल असा बदल झाला. संसदेत त्यासाठी एक शब्द हलला नव्हता. समितीचा अहवाल कितीही नीट वाचला असता तरी हे त्यात सापडलं नसतं, पण "नियम यायचे आहेत, मंत्रालयाच्या अधिसूचनांवर लक्ष ठेवा" एवढी ओळ टिपणाच्या तळाशी असती तर बातमीदाराने त्या दिवशी राजपत्र उघडलं असतं.